चक्कर कानातली की हेडसेटमधली?

"डॉक्टर, खोली पुन्हा सरकायला लागली."

एसटीत वाहक असलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या ताई हे सांगत होत्या आणि मी त्यांच्या केसपेपरवर पेन टेकवलं होतं. चार आठवड्यांपूर्वी त्यांना आमच्या सरकारी रुग्णालयात स्ट्रेचरवरून आणलं होतं. सगळं जग गरगरत होतं, उलट्या थांबत नव्हत्या, डोळे उघडवत नव्हते. ऐकू मात्र नीट येत होतं. तपासणीअंती निदान झालं, व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. म्हणजे कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला सूज. त्यांची डावी नस बिघडली होती.

या आजारात पहिले दोन-तीन दिवस चक्कर दाबणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात, पण त्या लवकर बंद कराव्या लागतात. एक कान कमी काम करतोय हे मेंदूच्या ध्यानात यावं आणि त्यानं नवा हिशोब मांडावा, यातूनच रुग्ण बरा होतो. गोळ्या चालू राहिल्या की मेंदूपर्यंत तक्रारच पोहोचत नाही आणि ही दुरुस्ती रेंगाळते. म्हणून गोळ्या थांबवून आम्ही त्यांना फिजिओथेरपी विभागात पाठवलं. तिथे मऊ फोमच्या गादीवर उभं राहून, डोक्याला व्हीआर हेडसेट लावून गर्दीच्या बसस्थानकाचं दृश्य पाहायचं, मान वळवायची, तोल सांभाळायचा, असे व्यायाम सुरू झाले. धावत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडणाऱ्या माणसाला याहून चांगला सराव कोणता? पहिल्या तीन बैठका छान झाल्या. रजा संपत आली होती, फिटनेस सर्टिफिकेटची घाई होती. आणि पाचव्या बैठकीनंतर हे, "धूसर दिसतं आणि खोली सरकते."

आजार उलटला असं समजून मी गोळी पुन्हा लिहायला घेतली. आमची फिजिओथेरपिस्ट शेजारी उभी होती. ती जरा चाचरत म्हणाली, "सर, गोळी लिहायच्या आधी एकदा तुम्हीच हेडसेट घालून बघता का?"

मी घातला. पाट्यांवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती दुधाळ वलय होतं. मी अगदी स्थिर उभा होतो, तरी अर्ध्या मिनिटात बसस्थानकाची फरशी उजवीकडे सरकू लागली, होडी धक्क्यापासून हळूच सुटावी तशी. तोल सावरायला मी डावीकडे कललो, तर अख्खं बसस्थानक माझ्याबरोबर कललं. मी पॅरलल बार घट्ट धरला. माझे दोन्ही कान शाबूत आहेत. म्हणजे दोष हेडसेटमध्ये होता, आणि ज्या बाईंचा एक कान आधीच अधू होता त्यांना आम्ही दोन दिवस गादीवर उभं करून ही सरकती फरशी दाखवत होतो.

हल्ली हे हेडसेट घराघरांत आलेत. मुलं खेळतात, आजोबांना कोणी काशी-रामेश्वर दाखवतं. "धूसर दिसतं", "गरगरतं" या तक्रारी घेऊन लोक डोळ्यांच्या आणि कानांच्या डॉक्टरकडे पोहोचतातही. म्हणून आमच्या विभागात त्या दिवशी काय सापडलं ते तपशिलानं सांगतो.

आधी धूसरपणा. हेडसेटचा पडदा डोळ्यापासून पाच-सहा सेंटिमीटरवर असला तरी मधल्या भिंगामुळे चित्र दीड-दोन मीटर दूर असल्यासारखं दिसतं. त्यामुळे चाळिशीचा, नुसता वाचायचा चष्मा असलेल्यांना तो आत लावायची सहसा गरज नसते. लांबचं ज्यांना दिसत नाही त्यांना मात्र आपला चष्मा लागतोच. ताईंना चाळिशीचाही चष्मा नव्हता. मी त्यांना हेडसेट काढायला लावून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. एकेक डोळा झाकून त्यांनी तारखा खणखणीत वाचल्या. हेडसेट काढल्यावर धूसरपणा जात असेल तर आधी भिंगाकडे बघावं. काढल्यावरही एका डोळ्यानं धूसर दिसत असेल तर मोतीबिंदू, नंबर किंवा पडदा तपासावा लागेल आणि मग हेडसेट पुसून उपयोग नाही.

मोबाइलचा टॉर्च तिरका धरून भिंगं पाहिली. दोन्हींवर तेलकट साय. खोबरेल, क्रीम, घाम, पापण्यांचा स्निग्धपणा, सगळं दर रुग्णागणिक चढत गेलेलं. शिवाय उजव्या भिंगावर बारीक गोल ओरखडे. चौकशी केली तेव्हा कळलं, की दोन रुग्णांच्या मधल्या वेळात आमचा मावसभाऊ, म्हणजे विभागात सगळे ज्याला असंच हाक मारतात तो परिचर, इमानेइतबारे स्पिरिटच्या बोळ्यानं आणि गॉजनं भिंगं पुसत होता. त्याला दोष कसा देणार? रुग्णालयात आम्ही प्रत्येक गोष्ट स्पिरिटनंच पुसायला शिकवतो. पण ही भिंगं काचेची नसून प्लास्टिकची असतात. आमच्या संचात तर त्यांच्यावर वर्तुळाकार बारीक खाचा आहेत. स्पिरिट त्यांच्यावरचा मुलामा खराब करू शकतं, आणि हाताला मऊ लागणारं गॉज प्लास्टिकसाठी खरखरीतच असतं. साडीचा पदर, शर्टाचं टोक, टिश्यू पेपर हे सगळे त्याच माळेतले मणी.

योग्य रीत सोपी आहे. भिंगं जमिनीकडे तोंड करून धरायची आणि कॅमेऱ्यासाठी मिळतो तसल्या रबरी फुग्यानं हवा मारून धुळीचे कण आधी उडवायचे. तोंडानं फुंकर घालायची नाही, थुंकीचे तुषार बसतात. मग चष्म्याबरोबर मिळतं तसं स्वच्छ, कोरडं मायक्रोफायबरचं कापड घेऊन मधून कडेकडे, अगदी हलक्या हातानं गोल फिरवायचं. धुळीचा कण असताना दाबून पुसलं की तो कण भिंगावर नांगर चालवतो. हे कापडही आठवड्याला धुवायला हवं, नाहीतर कालचं तेल आज परत लावलं जातं. जंतुनाशक पुसणं करायचं ते चेहऱ्याला टेकणाऱ्या गादीचं आणि पट्ट्याचं. तिथे आम्ही आता धुता येणारं सिलिकॉनचं आवरण बसवलंय.

भिंगं पुसली, वलय गेलं. ओरखड्यांचे दोन चट्टे तेवढे राहिले, ते आता कायमचे. तरी ताई म्हणाल्या, "आता स्वच्छ आहे, पण डोळे ओढल्यासारखे होतात." एक डोळा मिटला की अक्षरं ठीक, दोन्ही उघडले की कडा दुहेरी. हे पुसण्याचं दुखणं नव्हे, भिंगांमधल्या अंतराचं. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसामाणसांत बराच फरक पडतो. आमच्या संचात भिंगं सरकवून ५८, ६३ आणि ६८ अशा तीन जागी बसवता येतात. ती ६८ वर होती. आदल्या दिवशी एका धिप्पाड विद्यार्थ्यानं स्वतःसाठी सरकवली होती. ताईंच्या भुवयांवर पट्टी धरून मोजलं तर ५९ भरलं. भिंगं ५८ वर आणली, आणि हेडसेट गालावरून किंचित वर उचलून मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली नीट बसवला. या भिंगांतून मधोमध पाहिलं तरच लख्ख दिसतं. हेडसेट अर्धा सेंटिमीटर घसरला तरी चित्र मऊ पडतं. म्हणून काहीही पुसण्याआधी हेडसेट दोन्ही हातांनी धरून सावकाश वरखाली सरकवून बघावा. एखाद्या जागी अक्षरं एकदम उजळली तर भिंग स्वच्छच आहे, बसवणं चुकलंय. एसी खोलीतून दमट वॉर्डात आणल्यावर बसणारी वाफ वेगळी. ती पाच-दहा मिनिटांत आपोआप जाते, तिला पुसायची गरज नाही.

धूसरपणा असा तासाभरात सुटला. सरकण्यानं मात्र दोन दिवस खाल्ले.

तुम्ही मान उजवीकडे वळवली की हेडसेटनं चित्र तेवढंच डावीकडे न्यायचं, म्हणजे दृश्य जागच्या जागी आहे असं वाटतं. आपला कान हेच काम डोळ्यांसाठी करतो. मान हलली की सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे उलट्या दिशेला फिरवले जातात, म्हणून चालताना रस्ता थरथरत नाही. हेडसेटच्या पोटातही कानासारखी एक जोडी असते. वळणं मोजणारा जायरोस्कोप आणि वेगातला बदल मोजणारा ॲक्सिलरोमीटर. दोघे झटपट आहेत, पण बारीक चुका करतात आणि त्या चुका साठत जातात. समजा, वेगबदल मोजण्यात गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाएवढीच चूक आहे. पहिल्या सेकंदाला जागा अर्धा सेंटिमीटर चुकते. दहा सेकंदांनी ती चूक अर्ध्या मीटरवर जाते, कारण ती काळाच्या वर्गाच्या पटीत वाढते. आपला कानसुद्धा एकटा पडला तर असाच भरकटतो. त्याला डोळे सावरतात. हेडसेटचे डोळे म्हणजे त्याच्या पुढच्या कोपऱ्यांतले छोटे कॅमेरे. आमच्या संचाला चार आहेत. ते खोलीतले कोपरे, चौकटी, चित्रांच्या कडा असल्या ठळक खुणा ओळखून ठेवतात आणि त्यांच्यावरून चूक सतत दुरुस्त करतात.

कॅमेऱ्यांना खुणा दिसेनाशा झाल्या की बरेच हेडसेट जागेचा हिशोबच सोडून देतात आणि फक्त मान किती वळली तेवढं दाखवत राहतात. म्हणून मी कललो तेव्हा बसस्थानक माझ्याबरोबर आलं. पुढेमागे किंवा बाजूला झुकण्यातली चूक गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ओळखता येते, पण उजवीडावीकडे वळण्यातली चूक त्यावरून कळत नाही. म्हणून फरशी वाकडी न होता आडवी सरकली. गंमत अशी, की न्यूरायटिसमध्येही रुग्णाला जग आडवंच फिरल्यासारखं वाटतं. माझी फसगत झाली ती इथे.

आमचे कॅमेरे आंधळे का झाले होते? पहिलं कारण पाहून सगळे हसले. सरकारी कार्यालयात आलेल्या प्रत्येक वस्तूची जडवस्तू नोंदवहीत नोंद होते आणि तिच्यावर क्रमांक चिकटतो. भांडारातल्या कोणीतरी मधल्या काळात येऊन तो कागदी क्रमांक हेडसेटच्या पुढच्या सपाट पृष्ठभागावर, बरोबर खालच्या डाव्या कॅमेऱ्यावर डकवला होता. कागद निघाला, गोंद राहिला. पाण्यानं जेमतेम ओलसर केलेल्या कापडानं तो हळूहळू काढला. उरलेल्या तीन कॅमेऱ्यांवर बोटांचे ठसे होते, कारण सगळे हेडसेट पुढून धरून उचलतात. तो कडेनं धरावा. सैल केस, टोपीची झालर, कपाळावर आलेली ओढणी हेसुद्धा वरच्या कॅमेऱ्यांपुढे पडदा धरतात.

दुरुस्ती मोजायला आम्ही एक घरगुती चाचणी केली. फरशीवर चिकटपट्टीची फुली मारली. फुलीवर उभं राहून आभासी दृश्यातल्या एका खांबाच्या पायथ्याशी पाऊल जुळवायचं, मग सावकाश पूर्ण गिरकी घेऊन, दोन पावलं चालून, सोबत्याच्या हाताला धरून परत फुलीवर यायचं आणि खांब कुठे गेला ते बघायचं. सोबती हवाच, घालणाऱ्याला खरी फुली दिसत नसते. सुरुवातीला खांब दीड वीत बाजूला जात होता. कागद काढल्यावर एक वीत. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही.

मग फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आलं, की पहिल्या तीन बैठका सकाळी दहाच्या होत्या आणि बिघडलेल्या दोन दुपारी चारच्या. चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा आत येतो. कॅमेऱ्याला तो पट्टा पांढराफटक दिसतो आणि बाकी खोली काळी. म्हणून कोणीतरी जाड पडदा ओढला, तर खोलीत उजेड राहिला एका ट्यूबलाइटचा, तोही लुकलुकणारा. अंधारात कॅमेऱ्याला खुणा दिसत नाहीत, लुकलुकण्यात त्या क्षणाक्षणाला बदलतात. आम्ही ट्यूब बदलली, दुसरी लावली, जाड पडद्याऐवजी पातळ पांढरा लावला. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात उभं राहून वर्तमानपत्र सहज वाचता यावं आणि कुठेही ऊन थेट पडू नये, एवढा उजेड पुरतो. एक बारकावा इथलाच आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि आमचा हेडसेट एका माजी विद्यार्थ्यानं परदेशातून आणून दिलेला. त्याच्या सेटिंगमध्ये `Tracking Frequency` हा पर्याय ६० वर होता. तो ५० वर आणल्यावर कॅमेऱ्याचा ट्यूबलाइटच्या लयीशी मेळ बसला. खांब आता चार बोटं सरकत होता.

उरलेलं कोडं भिंतींनी सोडवलं. चौथ्या बैठकीच्या आधी विभागाला रंग दिला होता. पूर्वी भिंतींवर मणक्याचे तक्ते, व्यायामाची चित्रं, लसीकरणाची पोस्टरं होती. रंगाऱ्यांनी सगळं उतरवून ठेवलं आणि स्वच्छ पांढऱ्या भिंती इतक्या सुंदर दिसल्या की कोणी ते परत लावलं नाही. माणसाला सुंदर, कॅमेऱ्याला वाळवंट. वर एका भिंतीवर चालणं सुधारण्यासाठी लावलेला पूर्ण उंचीचा आरसा, त्यात खोलीच्या खोट्या खुणा. तक्ते परत लावले, वेगवेगळ्या उंचीवर. आरशावर चादर टाकली. सेटिंगमध्ये जाऊन जुन्या खोलीचा साठवलेला नकाशा पुसला आणि हद्द नव्यानं आखली. हे विसरलं तर हेडसेट जुन्या पोस्टरांच्या आठवणीवर चालायचा प्रयत्न करतो. त्यानंतर खांब दोन बोटांच्या आत राहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणून कशानं किती फरक पडला ते कळलं. सगळं एकदम केलं असतं तर तक्त्यांचं महत्त्व लक्षातच आलं नसतं.

घरी हा त्रास होत असेल तर सरकणं कसं आहे ते नीट बघा. संथ, सलग सरकत असेल तर कॅमेऱ्यांना खुणा मिळत नाहीत. झटका बसून दृश्य उडी मारत असेल तर कॅमेरे खुणा मधूनच हरवून पुन्हा शोधतायत, तेव्हा आरसा, उघडी खिडकी, फिरणारी माणसं, हलते पडदे शोधा. दृश्य स्थिर पण हातातले कंट्रोलरच भरकटत असतील तर आधी त्यांचे सेल बदला. आमच्यासारख्या संचात कंट्रोलरवर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त दिवे असतात आणि कॅमेरे ते टिपतात. गणपतीत-दिवाळीत खोलीत लावलेल्या दिव्यांच्या माळा त्यांना चकवतात. आणि एक सक्त ताकीद. हेडसेट कधीही भिंगं उन्हाकडे करून खिडकीत ठेवू नका. भिंगं ऊन एकवटून आतल्या पडद्यावर टाकतात, काही मिनिटांत कायमचा डाग पडतो. तो धूसरपणा कुठल्याच कापडानं जात नाही.

डॉक्टर म्हणून मला दुसरी बाजूही सांगायला हवी. हेडसेट पूर्ण बिनचूक असला तरी काहींना मळमळतं, कारण डोळे सांगतात चाललोय आणि कान सांगतो उभे आहोत. ते काढल्यावर थोड्या वेळात ओसरतं. तोवर दुचाकी चालवू नये. पण हेडसेट काढून, स्वस्थ बसूनही खोली फिरतच राहिली, अंथरुणावर कूस बदलली की गरगरलं, तर ते कानाचं असू शकतं, तपासून घ्या. आणि चक्करेबरोबर एकाचे दोन दिसणं, जीभ अडखळणं, हातपाय लुळा पडणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं यातलं काही असेल तर यंत्राची चौकशी नंतर, आधी थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग. तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे मिनिटं मोजली जातात.

ताईंना मी त्याच दिवशी हेडसेट बाजूला ठेवून पुन्हा तपासलं होतं. डोळ्यांची आपोआप होणारी हालचाल थांबलेली होती. डोकं झटक्यानं डावीकडे वळवल्यावर नजर माझ्या नाकावर टिकत नव्हती, पण आधीपेक्षा खूपच कमी चुकत होती. डोळे मिटून एका जागी पावलं टाकताना त्या फारशा वळल्या नाहीत. आजार उलटला नव्हता, सुधारतच होता. लिहिलेली गोळी मी खोडली आणि बाजूला सही केली.

पुढच्या सोमवारपासून बैठका पुन्हा सकाळी दहाला सुरू झाल्या. सहा बैठकांनंतर त्या फोमवर उभं राहून दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचू लागल्या. सर्टिफिकेट दिलं, पहिले पंधरा दिवस आगारात बसून करायच्या कामाच्या शिफारशीसह. जडवस्तूचा क्रमांक आता हेडसेटच्या खोक्यावर आहे. त्यासाठी भांडारपालांना एक लेखी अर्ज द्यावा लागला, जागा बदलण्याचं कारण नमूद करून.